दोन बॅटऱ्या जोडण्याआधी इन्व्हर्टरची पाटी वाचा

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडे दुपारचा पंखा अर्धा तास बंद राहिलेलाही सोसवत नाही, आणि एका बॅटरीवरचा इन्व्हर्टर दोन तासांत मान टाकतो. मग दुसरी बॅटरी घरात येते, पहिलीच्या शेजारी ठेवली जाते आणि तिथेच गाडी अडते. एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला लावायचं, की प्लसला प्लस आणि मायनसला मायनस? पहिल्या जोडणीला सिरीज म्हणतात, दुसरीला पॅरलल. दोन्हींत बॅटऱ्या त्याच, वायरही तेवढीच. तरी चुकीची जोडणी केली तर इन्व्हर्टर एका क्षणात जळू शकतो.

कुठली जोडणी करायची ते इन्व्हर्टरच्या मागच्या किंवा बाजूच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तिथे व्हीएचा, म्हणजे इन्व्हर्टर किती लोड उचलतो त्याचा, आकडा ठळक असतो, पण आपल्याला हवाय तो डीसी किंवा बॅटरी व्होल्टेजचा आकडा. घरगुती इन्व्हर्टरमध्ये तो १२ किंवा २४ असतो. साधारण ९०० ते १०५० व्हीएचे इन्व्हर्टर बहुतेक १२ व्होल्टचे आणि १५०० व्हीएच्या आसपासचे बहुतेक २४ व्होल्टचे येतात, पण व्हीए पाहून अंदाज बांधू नका. पाटी पुसली गेली असेल तर मॉडेल नंबर सांगून दुकानदाराकडून खात्री करा. इन्व्हर्टर आजवर एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवर नीट चालत असेल, तर तो १२ व्होल्टचाच आहे.

बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप म्हणजे एएच. पाटीवर १२ असेल तर दोन बॅटऱ्या पॅरलल: व्होल्टेज १२च राहतं, दीडशे एएचच्या दोन मिळून तीनशे एएच होतात. पाटीवर २४ असेल तर सिरीज: व्होल्टेज २४ होतं, एएच दीडशेच राहतात. तिसरा पर्याय नाही.

इन्व्हर्टर एवढा हट्टी का

इन्व्हर्टरच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो. लाईट गेल्यावर तो बॅटरीचं व्होल्टेज चढवून २३० करतो, आणि लाईट असताना तोच उलट्या दिशेने २३०चं कमी करून बॅटरी चार्ज करतो. त्याच्या वेटोळ्यांचं प्रमाण कारखान्यातच ठरलेलं असतं. १२ व्होल्टवरून २३० करायला गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला २४ व्होल्ट दिले, तर आधी बोर्डावरचे कपॅसिटर आणि मॉस्फेट उडतात. मोठा आवाज होतो, जळका वास येतो आणि बोर्ड बदलावा लागतो. उलट चूक तेवढी महाग पडत नाही. २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला १२च मिळाले तर त्याला वाटतं बॅटरी पार उतरली आहे. तो लो बॅटरीचा पिप-पिप करतो आणि चालू होत नाही.

मग दोन व्होल्टेजचे इन्व्हर्टर बनवतातच कशाला? करंटसाठी. १००० वॉटचा लोड असेल आणि इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा उष्णतेत जातो असं धरलं, तर बॅटरीकडून १२५० वॉट ओढावे लागतात. १२ व्होल्टवर ते १०० अँपिअरच्या पुढे जातात, २४ व्होल्टवर ५२ अँपिअरमध्ये भागतं. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून करंट निम्मा झाला की त्याच वायरमधला तोटा चौथाईवर येतो. केळीच्या बागेत ड्रिपची नळी लांब आणि बारीक असली की शेवटच्या झाडापाशी दाब उरत नाही, तसंच इथे होतं. वायर बारीक असली तर बॅटरीत जीव असूनही इन्व्हर्टरपर्यंत व्होल्ट पोचत नाहीत. १२ व्होल्टचा इन्व्हर्टर साधारण साडेदहा व्होल्टला बंद होतो. वायर आणि सैल नट मिळून अर्धा व्होल्ट खात असतील, तर तो अर्धा व्होल्ट तुमच्या बॅकअपमधूनच जातो.

बॅटरीला मात्र फरक पडत नाही

यावल किंवा चोपड्याकडचं एक साधं घर घेऊ. ७५ वॉटचे चार पंखे, ९ वॉटचे आठ एलईडी, ८० वॉटचा टीव्ही आणि वायफाय मिळून साधारण ४६० वॉट. इन्व्हर्टरचा तोटा धरला की बॅटरीकडून ५७५ वॉट. २४ व्होल्टवर हा करंट २४ अँपिअर झाला. सिरीजमध्ये तोच करंट दोन्ही बॅटऱ्यांतून जातो, म्हणजे प्रत्येकीवर २४ अँपिअर. १२ व्होल्टवर एकूण करंट ४८ झाला, पण पॅरललमध्ये तो वाटला जातो आणि प्रत्येकीच्या वाट्याला पुन्हा २४च येतो.

म्हणजे या लोडवर बॅकअप दोन्ही जोडण्यांत सारखाच. दीडशे एएचपैकी १२०च वापरायचे ठरवले तर हिशेबाने पाच तास निघतात. प्रत्यक्षात नव्या बॅटऱ्यांवर चार ते साडेचार धरा, कारण बॅटरीवरचा एएचचा आकडा बहुतेक वेळा वीस तासांत सावकाश उतरवण्याचा असतो. जोरात ओढलं की ती तेवढं देत नाही. याच कारणाने एकट्या बॅटरीवर ४८ अँपिअर पडतात तेव्हा अडीच तासांऐवजी दोनच मिळतात, आणि दुसरी बॅटरी जोडल्यावर वेळ दुपटीपेक्षा किंचित जास्तच वाढतो.

एक गैरसमज इथेच मिटवून टाकू. दुसरी बॅटरी वेळ वाढवते, ताकद नाही. ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या लावल्या म्हणून त्यावर फ्रिज आणि मिक्सर चालणार नाहीत; ओव्हरलोड पूर्वी जिथे यायचा तिथेच येईल.

पॅरललची खरी अडचण चार्जिंगची

हा मुद्दा दुकानात सहसा कुणी काढत नाही. ट्युब्युलर बॅटरीला तिच्या एएचच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा चार्जिंग करंट लागतो, म्हणजे दीडशे एएचला १५ अँपिअर. एका बॅटरीसाठी बनवलेल्या १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरचा चार्जर त्याच मापाचा असतो.

वरच्याच घरात तीन तास लाईट गेली असं धरा. सिरीजमध्ये प्रत्येक बॅटरीतून ७२ एएच गेले. भरताना वीस टक्के जास्त द्यावे लागतात, म्हणजे ८६. १५ अँपिअरने ते सहा तासांत भरतात आणि दोन्ही बॅटऱ्या एकदमच भरतात, कारण तोच करंट दोघींतून जातो. पॅरललमध्ये दोघींचे मिळून १४४ एएच गेले, भरायला १७३ हवेत, आणि ते १५ अँपिअर आता दोघींत साडेसात-साडेसात असे वाटले जातात. लागले साडेअकरा तास. दोन्हीकडे शेवटी चार्जिंग मंदावतं, त्याचे आणखी दोन-तीन तास वेगळे.

गावठाणाच्या फिडरवर दिवसातून दोनदा थोडी लाईट जात असेल तर हे निभतं. पण शेतातल्या घराला शेतीच्या फिडरवरची आठ तासांचीच वीज मिळत असेल, तर पॅरललच्या दोन बॅटऱ्या पूर्ण कधी भरतच नाहीत. रोज अर्धवट राहिलेल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि वर्ष-दीड वर्षात दोन बॅटऱ्यांचा बॅकअप एकीएवढा होतो. लोक मग बॅटरीच्या कंपनीला बोल लावतात.

म्हणून १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर वेळ वाढवायचा असेल तर पॅरललच्या आधी एकच मोठी, २०० किंवा २२० एएचची बॅटरी लावता येते का ते पाहा. पुस्तिकेत जास्तीत जास्त किती एएच चालतात ते दिलेलं असतं. तो आकडा दोन बॅटऱ्यांच्या बेरजेलाही लागू आहे. दीडशेच्या दोन म्हणजे तीनशे. पुस्तिका २२०वर थांबत असेल तर पॅरललचा नाद सोडा, आणि गरज खरीच असेल तर २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घ्या.

जोडण्याआधी

दोन्ही बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, एकाच एएचच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या हव्यात. तीन वर्षं वापरलेल्या बॅटरीला नवी जोडू नका, कुठल्याच जोडणीत नको. जुनी लवकर उतरते आणि लवकर भरते, आणि तिच्या नादाने नवीही तीन वर्षं म्हातारी होते.

सामान फार नाही. मल्टिमीटर, हायड्रोमीटर, टर्मिनलच्या बोल्टप्रमाणे १० किंवा १३ नंबरचा पाना, आणि टोकांना लग, म्हणजे बोल्टमध्ये अडकवायच्या धातूच्या कड्या, दाबून बसवलेली तांब्याची लिंक वायर. २४ व्होल्टला १६ स्क्वेअर एमएम पुरते, १२ व्होल्टला २५ची घ्या. इन्व्हर्टरच्या मूळ वायरपेक्षा बारीक वायर कधीच नको. लग दुकानातच क्रिम्प करून घ्या; पकडीने चेपलेला लग दोन महिन्यांत तापायला लागतो. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, म्हणजे हातातून निसटून दोन टर्मिनलवर आडवा पडला तरी ठिणगी उडणार नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. डोळ्यांना चष्मा, खिडकी उघडी, आणि जवळ खाण्याच्या सोड्याचं पाणी, अॅसिड सांडलं तर फरशीवर टाकायला. भरलेली दीडशे एएचची बॅटरी ५०-६० किलोच्या घरात जाते, तेव्हा दोघांनी उचला.

मग दोन्ही बॅटऱ्या एकेक करून पूर्ण चार्ज करा. दोन-तीन तास तशाच ठेवून मल्टिमीटर लावला की प्रत्येकी १२.५ व्होल्टच्या पुढे दाखवायला हवी आणि दोघींत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. सहाही सेलमधल्या अॅसिडची हायड्रोमीटरने मोजलेली ग्रॅव्हिटी १२४०च्या आसपास आणि एकमेकींशी जुळती हवी. पॅरललसाठी हे जास्त महत्त्वाचं: एक भरलेली आणि एक उतरलेली थेट जोडली तर भरलेली दुसरीत जोरात करंट ओतते, वायर गरम होते आणि जोडताना ठिणगी उडते.

सिरीज: २४ व्होल्टचा इन्व्हर्टर

१. इन्व्हर्टरचा स्विच बंद करा आणि त्याचा प्लग सॉकेटमधून काढा. आधीची बॅटरी सोडवायची असेल तर मायनस आधी, प्लस नंतर.

२. बॅटऱ्या अशा ठेवा की एकीचं प्लस दुसरीच्या मायनसजवळ येईल. मध्ये दोन-तीन बोटं जागा सोडा. एकीवर ऊन आणि एकीवर सावली असं नको.

३. पहिलीचं प्लस आणि दुसरीचं मायनस लिंक वायरने जोडा. आता पहिलीचं मायनस आणि दुसरीचं प्लस मोकळं राहिलं.

४. या दोन मोकळ्या टोकांवर मल्टिमीटर लावा. २५ व्होल्टच्या आसपास आलं तर जोडणी बरोबर. शून्याच्या जवळ आलं तर लिंक प्लस-प्लस किंवा मायनस-मायनस अशी बसली आहे. काढून पुन्हा करा.

५. इन्व्हर्टरची लाल वायर मोकळ्या प्लसला घट्ट करा. काळी सगळ्यात शेवटी मोकळ्या मायनसला. टेकवताना बारीक चट् अशी ठिणगी येते, ती आतले कपॅसिटर भरल्याची असते आणि तिला घाबरायचं कारण नाही. जोरात उडाली तर लगेच मागे घ्या आणि लाल-काळी अदलाबदल झाली नाही ना ते पाहा.

६. नट घट्ट केल्यावरच वरून पेट्रोलियम जेली लावा. लग आणि टर्मिनलच्या मध्ये जेली भरू नका, तिथे धातूला धातू चिकटायला हवा.

या कामातली घातक चूक म्हणजे सिरीज झाल्यावर उरलेली दोन मोकळी टोकंही लिंकने जोडणं. "दोन टर्मिनल रिकामी कशी राहिली?" असं म्हणत कुणीतरी ते करतं. तो २४ व्होल्टचा थेट शॉर्ट असतो. वायर लाल होते, टर्मिनल वितळतं, आणि चार्जिंगचा गॅस साचलेला असेल तर बॅटरी फुटते.

पॅरलल: १२ व्होल्टचा इन्व्हर्टर

प्लग काढून इन्व्हर्टर बंद करणं इथेही पहिलं. आधी दोन्ही प्लस एका लिंकने जोडा. मग मायनसची लिंक लावण्याआधी थांबा आणि दोन मायनसच्या मध्ये मल्टिमीटर लावा. आकडा शून्य किंवा ०.१च्या आत यायला हवा. २५ व्होल्ट आले तर समजा, पहिली लिंक प्लस आणि मायनसमध्ये बसली आहे, आणि दुसरी लिंक लावता क्षणी शॉर्ट होणार होता. अर्ध्या मिनिटाचं हे माप चुकवू नका.

आता इन्व्हर्टरच्या वायरा. सरळ मनात येतं ते म्हणजे दोन्ही वायरा जवळच्या बॅटरीला लावणं, आणि तेच चुकीचं. तसं केलं तर दूरच्या बॅटरीचा करंट दोन्ही लिंकमधून फिरून येतो, जवळचीचा मात्र थेट. जवळची जास्त राबते, जास्त भरते आणि आधी थकते. म्हणून लाल वायर पहिल्या बॅटरीच्या प्लसला आणि काळी दुसऱ्या बॅटरीच्या मायनसला, तिरपी जोडा. दोन्ही लिंक एकाच लांबीच्या आणि एकाच जाडीच्या ठेवा. प्रत्येक बॅटरीच्या प्लसजवळ १००-१२५ अँपिअरचा डीसी फ्यूज घातला तर उत्तम. घरातला एसीचा एमसीबी तिथे वापरू नका, डीसीची ठिणगी त्याला विझवता येत नाही.

बिघाड कसा ओळखायचा

सिरीजमध्ये इन्व्हर्टरला फक्त बेरीज दिसते. २३.४ व्होल्ट म्हणजे सगळं ठीक असं तो समजतो, पण त्यात एक बॅटरी १२.३ आणि दुसरी ११.१ असू शकते. म्हणून लाईट गेलेली असताना, पंखे चालू ठेवून प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. लोडवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर कमी दाखवणारी आजारी आहे.

चार्जिंगला मात्र नीट विचार करावा लागतो. एकीचा एक सेल आतून शॉर्ट झाला असं समजा. चार्जर २७.६ व्होल्ट देतोच आहे, पण ते आता बाराऐवजी अकरा सेलमध्ये वाटले जातात, सेलमागे अडीच व्होल्ट. आजारी बॅटरी साडेबारा दाखवते आणि चांगली पंधरा. चांगली बॅटरी उकळायला लागते, तिचं पाणी भराभर संपतं, ती हाताला गरम लागते. घरचे म्हणतात, "हीच पाणी पितेय, हीच खराब." तीच बदलली जाते, आणि नवीचंही चार महिन्यांत तेच होतं. पाणी पिणारी बॅटरी दिसली की आधी दुसरीची ग्रॅव्हिटी सेलनिहाय तपासा.

पॅरललमध्ये सेल शॉर्ट झाला तर चांगली बॅटरी आजारीत रिकामी होत राहते, इन्व्हर्टर बंद असला तरी. चार्जिंगही नाही आणि लोडही नाही, अशा वेळी एक बॅटरी कोमट लागली तर लिंक सोडवून दोघी रात्रभर वेगळ्या ठेवा. सकाळी जिचं व्होल्टेज साडेदहाच्या आसपास आलं असेल तिच्यात एक सेल गेला आहे.

आणखी एक खोड आपल्याकडे फार आहे. २४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून गोठ्यातला १२ व्होल्टचा दिवा नाहीतर फवारणीचा पंप जोडायचा. दिवा मस्त लागतो, पण ती एकच बॅटरी रोज थोडी जास्त उतरते आणि चार्जर दोघींना सारखंच देतो. तिची तूट कधी भरून निघत नाही आणि दोन-तीन महिन्यांत जोडी बिघडते. दिवा हवाच असेल तर इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूने द्या, किंवा २४वरून १२ करणारा डीसी कन्व्हर्टर दोन्ही टोकांवर लावा.

जोडून आठवडा झाला की सगळे नट पुन्हा आवळा, कारण शिशाचं टर्मिनल दाबाने थोडं बसतं. अर्धा तास लोड चालवून प्रत्येक लगला बोट लावा. एखादा चटका देत असेल तर तो सैल आहे किंवा नीट क्रिम्प झालेला नाही. मार्च ते जून डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला पाहा, एरवी दोन-तीन महिन्यांनी चालतं. दोन्ही बॅटऱ्यांचं लोडवरचं व्होल्टेज तारखेसह भिंतीवर खडूने लिहून ठेवा. दोन आकड्यांतलं अंतर महिन्यागणिक वाढत गेलेलं तिथेच दिसेल.